धावफलकातले तीन आकडे : स्ट्राइक रेट, इकॉनॉमी रेट आणि सरासरी



वर्गात भागाकार शिकवला की मुलं विचारतात, "मॅडम, हे कुठे लागते?" क्रिकेटचा धावफलक दाखवला की हा प्रश्न बंद होतो. पण पालकांपैकी अनेकांना, विशेषतः ज्यांनी कधी मॅच नीट पाहिली नाही त्यांना, धावफलक म्हणजे आकड्यांचं जंगल वाटतं. कोणी किती धावा काढल्या एवढं कळतं. पुढे १८७.८८, २.१०, ३८९.५० असे दशांश चिन्हवाले आकडे आले की डोळे खाली सरकतात. आजचा पाठ त्यांच्यासाठी.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात ठेवा. हे तिन्ही आकडे भागाकाराचे आहेत आणि तिन्हींमध्ये वर एकच गोष्ट असते, ती म्हणजे धावा. फरक आहे तो खालच्या आकड्यात, म्हणजे भाजकात. स्ट्राइक रेटमध्ये धावांना चेंडूंनी भागतात, इकॉनॉमी रेटमध्ये षटकांनी, आणि सरासरीमध्ये फलंदाज जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने. आपल्या गांधीबागेत कापड मीटरवर विकतात, संत्री डझनावर आणि साखर किलोवर. पैसे तेच, पण कशामागे किती हे कळल्याशिवाय भाव कळत नाही. तसंच हे.

उदाहरणाला आपल्या गावचाच सामना घेऊ. १० नोव्हेंबर २०१९, वर्धा रोडवरचं जामठ्याचं मैदान, भारत विरुद्ध बांगलादेश, तिसरा ट्वेंटी-२० सामना. पहिला दिल्लीत बांगलादेशने जिंकला होता, दुसरा राजकोटला भारताने. त्यामुळे मालिका कोणाची हे नागपुरात ठरणार होतं. भारताने २० षटकांत ५ बाद १७४ धावा केल्या. बांगलादेशचा डाव १९.२ षटकांत १४४ धावांवर संपला. भारत ३० धावांनी जिंकला.

धावफलकाचा पहिला भाग फलंदाजांचा असतो. मोबाईलवर पाहिलं तर नावासमोर R, B, 4s, 6s, SR असे रकाने दिसतील. R म्हणजे धावा, B म्हणजे तो फलंदाज किती चेंडू खेळला ते, पुढचे दोन चौकार आणि षटकार, आणि शेवटचा SR म्हणजे आपला स्ट्राइक रेट. भारताचा डाव असा होता :

रोहित शर्मा – २ धावा, ६ चेंडू
शिखर धवन – १९ धावा, १६ चेंडू
लोकेश राहुल – ५२ धावा, ३५ चेंडू
श्रेयस अय्यर – ६२ धावा, ३३ चेंडू
ऋषभ पंत – ६ धावा, ९ चेंडू
मनीष पांडे – नाबाद २२ धावा, १३ चेंडू
शिवम दुबे – नाबाद ९ धावा, ८ चेंडू
अवांतर – २

स्ट्राइक रेट म्हणजे शंभर चेंडूंमागे किती धावा. आपले आजोबा व्याजाचा दर 'शेकडा' सांगायचे, तोच हा शेकडा. श्रेयस अय्यरच्या ६२ धावांना ३३ ने भागा, १.८७८७ येतं. म्हणजे एका चेंडूमागे पावणेदोनपेक्षा थोड्या जास्त धावा. त्याला शंभरने गुणलं की १८७.८८. काही वेबसाइटवर हाच आकडा १८७.८७ दिसेल. तिथे पुढचे अंक नुसते कापून टाकतात, जवळच्या संख्येत बदलत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. राहुलचा याच रीतीने १४८.५७ येतो, धवनचा ११८.७५.

इथे वर्गात हमखास एक शंका येते. "मॅडम, शंभरपैकी १८७ कसे?" मुलांना शेकडेवारी म्हटलं की परीक्षेतले गुण आठवतात, आणि गुण काही शंभरच्या वर जात नाहीत. पण स्ट्राइक रेट म्हणजे 'शंभरपैकी' नव्हे, 'शंभरमागे' आहे. एका चेंडूवर सहा धावा निघू शकतात, म्हणून शंभराच्या वर जायला काही अडचण नाही. बरोबर १०० म्हणजे चेंडूला एक धाव, ही खूणगाठ बांधून ठेवली की पुढचं सोपं आहे. धावा चेंडूंपेक्षा जास्त असतील तर आकडा १०० च्या वर, कमी असतील तर खाली. रोहितच्या ६ चेंडूंत २ धावा, म्हणजे ३३.३३. गणित न करताही तो १०० च्या खाली असणार हे दिसतं.

आता हा आकडा चांगला की वाईट, ते कसं ठरवायचं? माझी पद्धत साधी आहे. आधी त्याच डावात सगळ्या फलंदाजांचा मिळून काय दर पडला तो काढायचा आणि मग एकेकाला त्याच्याशेजारी ठेवायचं. वरच्या सात जणांच्या धावा मिळवा, १७२ होतात. चेंडू मिळवा, बरोबर १२० होतात, कारण २० षटकं म्हणजे १२० चेंडू. १७२ भागिले १२० गुणिले १००, म्हणजे सुमारे १४३. आता बघा. राहुलचा १४८ हा जवळपास संघाच्याच चालीचा आहे. त्याने डाव धरून ठेवला, पण वेग वाढवला असं म्हणता येत नाही. वेग वाढवला तो अय्यरने. धवन आणि पंत संघाच्या चालीच्या मागे राहिले. मनीष पांडेचा स्ट्राइक रेट १६९.२३ आहे, म्हणजे राहुलपेक्षा बराच वर. पण तो १३ चेंडूंचा आहे. शेवटच्या षटकांत येऊन १३ चेंडू मारणं वेगळं आणि दोन गडी लवकर गेल्यावर ३५ चेंडू उभं राहणं वेगळं. म्हणून SR च्या रकान्यात बघताना डोळा आधी B च्या रकान्यावर टाकावा. चेंडू थोडे असतील तर त्या आकड्यावर फार विसंबू नये. पुढचा एकच चेंडू षटकार गेला असता तर पांडे २०० वर पोचला असता!

आणखी एक बारकावा. वाइड चेंडू फलंदाजाच्या खात्यात मोजला जात नाही, नो-बॉल मात्र मोजला जातो. त्यामुळे सगळ्या फलंदाजांच्या चेंडूंची बेरीज कधी कधी १२० पेक्षा एकदोनने जास्त दिसते. तेव्हा धावफलक चुकला असं समजू नका.

स्ट्राइक रेटची तुलना एका प्रकारच्या सामन्यातून दुसऱ्या प्रकारात नेऊ नये, हेही सांगून ठेवते. याचंही उदाहरण नागपूरचंच आहे, फक्त जामठ्याचं नाही, आपल्या सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानाचं. ३१ ऑक्टोबर १९८७, विश्वचषकात भारत विरुद्ध न्यूझीलंड. चेतन शर्माने हॅटट्रिक घेतली तो हाच सामना. तिघेही त्रिफळाचीत. भारतापुढे २२२ धावांचं लक्ष्य होतं, पण नुसतं जिंकून भागणार नव्हतं. गटात ऑस्ट्रेलियाच्या वर जायचं तर ते ४२.२ षटकांच्या आत गाठायचं होतं. सुनील गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या आणि सामना ३२.१ षटकांतच संपला. स्ट्राइक रेट काढा, ११७ च्या आसपास येतो. आज ट्वेंटी-२० मध्ये ११७ म्हटलं की लोक नाक मुरडतील. पण त्या काळात एकदिवसीय सामन्यात गावसकरांचा कारकिर्दीचा स्ट्राइक रेट ६२ च्या घरात होता. आणि त्याच गावसकरांनी १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्ध १७४ चेंडूंत नाबाद ३६ केल्या होत्या, स्ट्राइक रेट जेमतेम २०.७! भारतासमोर ३३५ धावांचं लक्ष्य होतं, तेव्हाचा हा डाव. नुसत्या नाबाद ३६ कडे पाहून त्या डावात काय झालं ते कळलंच नसतं. चेंडूंचा रकाना ते सांगतो.

आता धावफलकाचा दुसरा भाग, गोलंदाजांचा. इथे O, M, R, W आणि ECON असे रकाने असतात. O म्हणजे टाकलेली षटकं, M म्हणजे निर्धाव षटकं, R म्हणजे दिलेल्या धावा, W म्हणजे घेतलेले गडी. जामठ्याला भारताच्या गोलंदाजांनी असं केलं :

खलील अहमद – ४ षटकं, २७ धावा, ० गडी
वॉशिंग्टन सुंदर – ४ षटकं, ३४ धावा, ० गडी
दीपक चहर – ३.२ षटकं, ७ धावा, ६ गडी
युजवेंद्र चहल – ४ षटकं, ४३ धावा, १ गडी
शिवम दुबे – ४ षटकं, ३० धावा, ३ गडी

इकॉनॉमी रेट म्हणजे एका षटकामागे गोलंदाजाने किती धावा दिल्या. फलंदाजाचा आकडा मोठा तेवढा चांगला, गोलंदाजाचा हा आकडा लहान तेवढा चांगला. खलीलचं गणित तोंडी होतं : २७ भागिले ४, ६.७५. सुंदरचा ८.५०, चहलचा १०.७५, दुबेचा ७.५०.

चहरच्या ओळीवर मात्र थांबायला हवं. ३.२ षटकं. मुलांच्या हातात कॅल्क्युलेटर दिला की दहातले आठ जण ७ भागिले ३.२ करतात आणि २.१९ हे उत्तर लिहितात. छापलेल्या धावफलकात मात्र २.१० असतं. कोण चुकलं?

धावफलकातलं टिंब हे दशांश चिन्ह नाहीच, दिसायला तसं आहे एवढंच. ३.२ म्हणजे ३ पूर्ण षटकं आणि वर २ चेंडू. संत्रीवाल्याकडून तुम्ही ३ डझन आणि वर २ संत्री घेतली, तर '३.२ डझन' असं म्हणून पैसे देत नाही ना? एकूण संत्री मोजता : ३६ आणि २, अडतीस. इथे डझनाऐवजी षटक आहे आणि षटकात ६ चेंडू असतात. ३ गुणिले ६ म्हणजे १८, अधिक २, एकूण २० चेंडू. २० चेंडूंत ७ धावा, म्हणून एका चेंडूमागे ०.३५, आणि सहा चेंडूंमागे २.१०. ही रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे, म्हणून सूत्र लिहून देते :

इकॉनॉमी रेट = (दिलेल्या धावा ÷ टाकलेले चेंडू) × ६

चहरच्या बाबतीत फरक ०.०९ चाच पडला, म्हणून कोणाला वाटेल की एवढं काय त्यात. समजा एखाद्याने ३.५ षटकांत ३५ धावा दिल्या. कॅल्क्युलेटरवर सरळ भागलं तर १० येतं. खरे चेंडू २३, म्हणून खरा दर ९.१३. षटकामागे जवळजवळ एक धाव चुकली! टिंबानंतरचा अंक ५ च्या वर कधीच जात नाही, ही त्याची ओळख आहे. ३.५ नंतर एक चेंडू टाकला की थेट ४. तुम्हाला कुठे ३.७ षटकं लिहिलेली दिसली तर लिहिणाऱ्याची चूक आहे हे खुशाल समजा.

आता चहरचा २.१० किती मोठा, हे समजायला पुन्हा तुलनेचा आकडा हवा. बांगलादेशला २० षटकांत १७५ करायच्या होत्या, म्हणजे षटकाला ८.७५. जो गोलंदाज यापेक्षा कमी धावा देतो तो भारताला जिंकायला मदत करतो, जो जास्त देतो तो बांगलादेशला. चार षटकांचे ८.७५ प्रमाणे ३५ होतात. खलीलने २७ दिल्या, म्हणजे ८ वाचवल्या. दुबेने ५ वाचवल्या, सुंदरने १. चहलने ८ जास्त दिल्या. या चौघांची बेरीज-वजाबाकी केली तर ६ धावांची बचत उरते. आणि चहरच्या २० चेंडूंचे त्या दराने सुमारे २९ होतात. त्याने ७ दिल्या, म्हणजे एकट्याच्या २२ धावा वाचल्या. भारत ३० ने जिंकला त्यात हे २२ कुठे बसतात ते तुम्हीच बघा.

खलीलला एकही गडी मिळाला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी त्याचं नाव कोणी घेतलं नसेल. पण इकॉनॉमीचा रकाना वाचता आला की त्याचं कामही दिसतं. बिनगड्याच्या गोलंदाजाकडे पाहायला मला म्हणूनच हा रकाना आवडतो.

पण या आकड्याची एक मोठी उणीवही याच सामन्यात दिसते. इकॉनॉमी रेटमध्ये W चा रकाना येतच नाही. बांगलादेशचे दोन गडी १२ धावांत गेले होते, दोन्ही चहरने लागोपाठच्या चेंडूंवर घेतले. मग मोहम्मद नईम आणि मोहम्मद मिथुन यांनी ९८ धावांची भागीदारी केली. नईमच्या ४८ चेंडूंत ८१ धावा झाल्या, स्ट्राइक रेट १६८.७५. सामना भारताच्या हातून चालला होता. २ बाद ११० वर चहरनेच मिथुनला बाद केलं आणि त्यानंतर ३४ धावांत उरलेले सात गडी गेले. दुबेचे तिन्ही गडी याच घसरणीतले. दुबेचा इकॉनॉमी रेट ७.५०, खलीलचा ६.७५. नुसता तो रकाना बघितला तर खलील बरा. पण जमलेला नईम दुबेने काढला, हे त्या रकान्यात कुठेच नाही. म्हणून ECON आणि W हे दोन रकाने नेहमी जोडीने वाचायचे. चहरने शेवटी हॅटट्रिकही पूर्ण केली. त्याचे ७ धावांत ६ गडी ही त्या वेळी पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० मधली जगातली सर्वोत्तम कामगिरी होती. आणि त्याची षटकं ३.२ च का, पूर्ण ४ का नाही, तर शेवटच्या षटकाच्या दुसऱ्या चेंडूवर दहावा गडी गेला आणि डावच संपला.

या पाच जणांनी दिलेल्या धावांची बेरीज करून बघा. १४१ येते. बांगलादेशच्या धावा तर १४४. तीन धावा कुठे गेल्या? चेंडू बॅटला न लागता पळून काढलेल्या धावा, म्हणजे बाय आणि लेग-बाय, गोलंदाजाच्या नावावर लावत नाहीत. वाइड आणि नो-बॉलच्या मात्र लावतात, कारण तो दोष त्याचाच. पाहणारे लोक 'अवांतर' म्हणून सगळं एका पोत्यात भरतात, धावफलक तसं करत नाही.

आता राहिली सरासरी. ती शोधायला एका सामन्याच्या धावफलकात जाऊ नका, तिथे ती नसतेच. सरासरी ही मालिकेची, स्पर्धेची किंवा कारकिर्दीची असते. ती वेगळ्या तक्त्यात मिळेल, बहुधा AVE किंवा AVG नावाच्या रकान्यात.

शाळेत आपण सरासरी शिकवतो ती अशी : सगळ्या संख्यांची बेरीज करा आणि एकूण जितक्या संख्या आहेत त्याने भागा. क्रिकेटची सरासरी तशी नाही, आणि इथेच चांगले चांगले गोंधळतात. क्रिकेटमध्ये एकूण धावांना डावांच्या संख्येने भागत नाहीत, बाद झालेल्या वेळांनी भागतात. नाबाद राहिलेला डाव धावांच्या बेरजेत येतो, पण भाजकात येत नाही. कारण सरळ आहे. षटकं संपली किंवा लक्ष्य गाठलं म्हणून डाव थांबला, फलंदाजाला कोणी थांबवलं नाही. त्याचा हिशेब अजून उघडाच आहे.

याचं सर्वांत गमतीशीर उदाहरण आपल्या विदर्भाच्या संघानेच दिलंय. २०२४-२५ ची विजय हजारे स्पर्धा, ५० षटकांची. विदर्भाचा कर्णधार करुण नायर. त्याच्या आठ डावांतल्या धावा क्रमाने अशा : नाबाद ११२, नाबाद ४४, नाबाद १६३, नाबाद १११, मग ११२ वर बाद, मग नाबाद १२२, नाबाद ८८ आणि शेवटी २७ वर बाद.

चार डाव झाले तेव्हा त्याच्या ४३० धावा होत्या आणि तो एकदाही बाद झाला नव्हता. मग सरासरी किती? ४३० भागिले शून्य. शून्याने भागता येत नाही, हे आपण मुलांना सांगतो तेव्हा ती विचारतात, "पण भागलं तर काय होते?" तर हे होतं : रकान्यात आकड्याऐवजी नुसती आडवी रेघ दिसते. पाचव्या सामन्यात उत्तर प्रदेशविरुद्ध तो ११२ वर बाद झाला. तोवर बाद न होता ५४२ धावा झाल्या होत्या आणि तो या प्रकारच्या क्रिकेटमधला विश्वविक्रम ठरला. त्या दिवशी त्याची सरासरी ५४२ भागिले १, म्हणजे ५४२.

उपांत्य सामना १६ जानेवारी २०२५ रोजी वडोदऱ्याला, महाराष्ट्राविरुद्ध. (घरात नागपूरची सून आणि पुण्याचे सासरे असले की त्या दिवशी काय होतं ते सांगायला नको.) करुणने ४४ चेंडूंत नाबाद ८८ केल्या, स्ट्राइक रेट बरोबर २००. विदर्भ अंतिम फेरीत गेला आणि करुणची सरासरी झाली ७५२. मग १८ जानेवारीला कर्नाटकविरुद्ध तो २७ वर त्रिफळाचीत झाला आणि विदर्भ ३६ धावांनी हरला. एकूण धावा ७७९, बाद दोनदा. सरासरी ३८९.५०.

७५२ वरून थेट ३८९.५०! एका डावात सरासरी जवळपास निम्मी झाली. करुण एका रात्रीत निम्मा फलंदाज झाला का? नाही. भाजक १ चा २ झाला, एवढंच घडलं. भाजक इतका लहान असला की प्रत्येक बाद होणं आकड्याला असं हलवून सोडतं.

आता यातली खरी मजा बघा. त्या स्पर्धेत करुणची सर्वोच्च धावसंख्या होती १६३. सरासरी ३८९.५०. शाळेतल्या गणितात सरासरी नेहमी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या संख्येच्या मध्ये कुठेतरी असते, मोठ्या संख्येच्या वर ती जाऊच शकत नाही. सातवीच्या मुलाने असं उत्तर काढलं तर आपण लाल पेनाने गोल करू. क्रिकेटमध्ये ते बरोबर आहे, कारण हा आकडा 'एका डावात साधारण किती' हे सांगतच नाही. तो सांगतो, 'एकदा बाद करायला किती धावा मोजाव्या लागल्या'. एका डावामागे किती, हे पाहायचं असेल तर ७७९ ला ८ ने भागा. सुमारे ९७ येतं, आणि तेही काही थोडंथोडकं नाही.

म्हणून सरासरी वाचताना शेजारचा NO हा रकाना, म्हणजे नाबाद किती वेळा, नक्की बघा. डावांतून नाबाद वजा केले की बाद किती वेळा ते मिळतं. हा भाजक दोन-चार असेल तर सरासरी कौतुकाने वाचा, पण तिच्यावरून फलंदाजांची क्रमवारी लावू नका. खालच्या क्रमांकावर येऊन दोन-चार चेंडू खेळून नाबाद राहणाऱ्याची सरासरीही अशीच फुगते. भाजक मोठा असेल तर मात्र आकडा स्थिर होतो. डॉन ब्रॅडमन यांचे कसोटीतले डाव ८०, नाबाद १०, म्हणजे बाद ७० वेळा. धावा ६९९६. भागून बघा, ९९.९४. ते १९४८ मध्ये ओव्हलवर शेवटचा डाव खेळायला आले तेव्हा चार धावा हव्या होत्या. झाल्या असत्या तर ७००० भागिले ७०, बरोबर १००. ते शून्यावर बाद झाले. सत्तर वेळा बाद झालेल्या माणसाची सरासरी त्या एका शून्याने दीडेक धावेनेच खाली आली, आणि करुणची २७ धावांच्या डावाने ३६२ ने. भाजकाचा हा प्रताप.

आता पेन-कागद घ्या. प्रश्न जामठ्याच्याच सामन्यातला आहे. भारताच्या डावात बांगलादेशचे गोलंदाज असे होते : अल-अमीन ४ षटकं २२ धावा, शफीउल ४ षटकं ३२, मुस्तफिजूर ४ षटकं ४२, अमिनुल ३ षटकं २९, सौम्य सरकार ४ षटकं २९ आणि अफीफ १ षटक २०.

१) सहाही जणांचा इकॉनॉमी रेट काढा. सर्वांत जास्त कोणाचा, आणि तो किती चेंडूंवरून आलेला आहे?

२) भारताच्या धावांत अवांतर २ आहेत. त्या दोन धावा कसल्या? बाय, लेग-बाय, वाइड की नो-बॉल? धावफलकात ते वेगळं लिहिलेलं नाही असं समजा आणि वर दिलेल्या आकड्यांवरूनच शोधा.

दुसऱ्याचं उत्तर मुलांनी विचारल्यास सांगता यावं म्हणून देऊन ठेवते. गोलंदाजांनी दिलेल्या धावांची बेरीज १७४ येते, म्हणजे संघाच्या धावांइतकीच. एकही धाव गोलंदाजांच्या नावाबाहेर राहिली नाही, म्हणून बाय आणि लेग-बाय बाद. उरले वाइड आणि नो-बॉल. नो-बॉल असता तर तो फलंदाजाच्या चेंडूंत मोजला गेला असता आणि सातही जणांच्या चेंडूंची बेरीज १२० च्या वर गेली असती. ती बरोबर १२० आहे. म्हणजे दोन्ही वाइड.